परदेशी गेलेल्या मुलांच्या मदतीची सेवा: जर्मनीत पहिला महिना विका

प्रश्न: जळगाव-धुळ्याची बरीच मुलं हल्ली जर्मनीला शिकायला जातात. तिथे गेल्यावर त्यांना मदत करणारी सेवा सुरू करायची आहे. नेमकं काय द्यावं?

उत्तर: विमानतळावरून आणणं, सिमकार्ड, किराणा दुकान दाखवणं हे सगळे देतात आणि सीनियर मुलं ते फुकटही करतात. मी या कामात आहे, म्हणून सांगतो: पैसे देण्याजोगी अडचण कागदांच्या साखळीत आहे.

जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा ठरावीक दाखला लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. ही नोंद झाली की टॅक्स नंबर पोस्टाने येतो. बऱ्याच बँकाही खातं उघडताना नोंदीचा कागद मागतात. आणि चालू खात्याशिवाय व्हिसासाठी उघडलेल्या ब्लॉक खात्यातले पैसे हातात येत नाहीत. वर्षाचे 11,904 युरो आधीच भरलेले असतात, पण मिळतात महिन्याला 992.

चोपड्याकडचा एक मुलगा सप्टेंबरअखेर गेला. घाईत महिनाभरासाठी खोली घेतली. मालक म्हणाला, राहा, पण दाखला देणार नाही. झालं, नोंद अडली, खातं अडलं आणि सोबत नेलेले युरो भाड्यात संपत आले. इकडे वडिलांना वाटे, पैसे तर भरलेत, मग पोरगा पुन्हा का मागतो? शेवटी दाखला देणारी दुसरी खोली शोधून दिली, तेव्हा गाडी रुळावर आली. पण तिथेही बँकेचं पत्र परत गेलं, कारण टपालपेटीवर त्याचं नाव नव्हतं! तिथे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, पेटीवरचं नाव बघतो.

म्हणून तुमची सेवा मुलगा निघण्याआधी सुरू व्हायला हवी. डिपॉझिट भरण्याआधी मालकाकडून ईमेलवर लेखी घ्या की नोंदीचा दाखला मिळेल. खोली व्हिडिओवरही न दाखवता पैसे मागणारा बहुतेक ठग असतो. नोंदीची अपॉइंटमेंट इथूनच घ्या, कारण मोठ्या शहरांत ती आठवडे-आठवडे मिळत नाही. दोन आठवडे उलटले तर पुरावा म्हणून अपॉइंटमेंटचा ईमेल जपून ठेवायला सांगा. तिथे पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी पेटीवर नाव चिकटवून फोटो पाठवायला लावा.

शहर मात्र एकच धरा आणि तिथे जर्मन बोलणारा एक माणूस पगारावर ठेवा. 'खोली मिळवून देऊच' असं छापू नका. आणि कुणी म्हणेल, नातलगाच्या पत्त्यावर खोटी नोंद करू, तर साफ नाही म्हणा. पत्ता देणाऱ्यालाही जबर दंड होऊ शकतो.

आईवडिलांसाठी आठवड्यातून एक फोन ठेवा. "कसं चाललंय" एवढ्यावर थांबू नका. नोंद झाली का, खातं उघडलं का, 992 आले का, हे त्यांना स्पष्ट सांगा. फी अर्धी आधी घ्या, अर्धी पहिले 992 जमा झाल्यावर. आमच्याकडचे लोक त्यावरच विश्वास ठेवतात.