तीस दिवसांत रुजू होईन, असं लिहून देण्याआधी

*सर, मी ठाण्यात कासारवडवलीला राहते आणि महाप्याला एका कंपनीत सीनिअर अकाउंटंट आहे. सीटीसी 9 लाख 60 हजार, महिन्याला हातात 63 हजार येतात. ऐरोलीतल्या एका कंपनीची जाहिरात आली आहे. अर्जाच्या पत्रातच सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पीरियड आणि रुजू होण्याची तारीख लिहायची आहे, नाहीतर अर्ज बघणार नाहीत. 30 दिवसांत येणाऱ्यांना प्राधान्य आहे. माझी नोटीस 90 दिवसांची आहे. मैत्रीण म्हणते 14 लाख लिही, घासाघीस करून 12 ला येतील. नवरा म्हणतो आकडा लिहूच नकोस. 30 दिवस लिहून बाकीच्या 60 दिवसांचे पैसे भरून सुटू का? इथे 8 ऑगस्टला मला पाच वर्षं पूर्ण होतील.*

तुमचं शेवटचं वाक्य वाचल्यावर मी आधी कॅलेंडर उघडलं. पगाराच्या आकड्याकडे नंतर येऊ, कारण तुमच्या बाबतीत जास्त पैसे तारखेत अडकले आहेत.

मे महिना अर्धा झालाय. अर्ज, दोन मुलाखती, कागदपत्रं हे सगळं होऊन लेखी ऑफर 15 जूनच्या आसपास हातात पडेल असं धरू. त्याच दिवशी राजीनामा दिला, तर 30 दिवस म्हणजे 15 जुलै. पाच वर्षांना तेव्हा तीन आठवडे कमी पडतात. ग्रॅच्युइटीचा हिशोब शेवटच्या बेसिकवर होतो: बेसिक भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. हातात 63 हजार येतात त्या अर्थी तुमचं बेसिक 40 हजारांच्या आसपास असावं. म्हणजे पाच वर्षांचे 1 लाख 15 हजार होतात, तेही करमुक्त. तीन आठवड्यांसाठी ते सोडायचे का, हा पहिला प्रश्न.

इथे कुणीतरी तुम्हाला सांगेल की पाचव्या वर्षात 240 दिवस भरले की पाच वर्षं धरतात. मद्रास उच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे, हे खरं. पण बऱ्याच कंपन्यांचं पेरोल खातं पाच म्हणजे पाच असंच धरून बसतं, आणि मग 1 लाख 15 हजारांसाठी कामगार खात्याच्या पायऱ्या चढायच्या. हक्क सांगायला तो निकाल ठीक आहे. त्याच्या भरवशावर तारीख ठरवू नका.

आता नोटीसचे पैसे. उरलेल्या 60 दिवसांची वसुली कशावर होते, ते तुमच्या नेमणूकपत्रात लिहिलेलं असतं. काही कंपन्या फक्त बेसिकवर कापतात, काही पूर्ण ग्रॉसवर. तुमच्या आकड्यांत हा फरक 80 हजार की 1 लाख 36 हजार, एवढा मोठा आहे. आज रात्री ते पत्र काढून बघाच. त्याच कलमात 'कंपनीच्या मर्जीनुसार' अशा अर्थाचे शब्द आहेत का, हेही पाहा. असले, तर पैसे भरून सुटणं हा तुमचा अधिकार नाही, ती कंपनीने दिलेली सवलत आहे. मार्चएंड असो वा ऑडिट, ती नाही म्हणू शकते. एचआरला विचारायला मात्र जाऊ नका, ऑफर यायच्या आधीच ऑफिसभर होईल. गेल्या वर्षी तिथून सोडून गेलेल्या एखाद्या सहकाऱ्याला फोन करा आणि फुल अँड फायनलमध्ये काय काय कापलं, एवढंच विचारा. नोटीसच्या वसुलीवर 18 टक्के जीएसटी लावणारे महाभागही होते. ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात सीबीआयसीने तो लागत नाही असं स्पष्ट केलं आहे. तुमच्या हिशोबात दिसला तर ते परिपत्रक दाखवा.

हे मी तावातावाने लिहितोय, त्याला कारण आहे. या व्यवसायात यायच्या आधी मी वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात होतो. एका अर्जात ऐटीत '15 दिवसांत रुजू होईन' असं लिहून टाकलं. निवड झाली, आणि साहेबांनी सोडायला साफ नकार दिला. शेवटी भांडून निघालो. रिलीव्हिंग लेटर चार महिन्यांनी आलं आणि तोवर नव्या ठिकाणी मी प्रोबेशनवर लटकलेलो.

आता बेरीज करू. नवी नोकरी 12 लाखांची मिळाली, आणि त्यात 10 टक्के व्हेरिएबल असलं, तर पीएफ, ग्रॅच्युइटी आणि प्रोफेशन टॅक्स जाऊन हातात साधारण 75 हजार 400 येतील. म्हणजे महिन्याला 12 हजार वाढ. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळे तुम्हाला कराची चिंता नको. 30 दिवसांत निघालात तर ग्रॉसवरची वसुली 1 लाख 36 हजार आणि बुडालेली ग्रॅच्युइटी 1 लाख 15 हजार, असे अडीच लाख गेले. वाढीव पगार दोन महिने आधी सुरू झाला, त्याचे 24 हजार वजा केले तरी सव्वादोन लाखांच्या वर खड्डा राहतो. महिन्याच्या 12 हजारांनी तो भरायला 19 महिने लागतील. म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळ तुम्ही जुन्याच पगारावर काम केल्यासारखं.

60 दिवसांनी निघालात तर चित्र पालटतं. 15 जूनपासून 60 दिवस म्हणजे 14 ऑगस्ट. पाच वर्षं झालेली असतील, ग्रॅच्युइटी पदरात असेल. वसुली एका महिन्याची, 68 हजार. एक महिना आधी मिळालेली वाढ वजा केली तर 56 हजारांचा खर्च, पाच महिन्यांत वसूल. पूर्ण 90 दिवस थांबलात तर काहीच खर्च नाही, पण एवढं थांबायला जाहिरात देणारे तयार नसतात. म्हणून माझं मत 60 दिवसांचं. फक्त एक काळजी घ्या. ऑफर लवकर, समजा 1 जूनला आली, तर 60 दिवस 31 जुलैलाच संपतात. तेव्हा राजीनाम्यात शेवटचा दिवस 8 ऑगस्टच्या पुढचाच लिहा. शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती करून घेतलीत, तर रिलीव्हिंगची तारीख मागे येणार नाही ना, हे लेखी घ्या. पाच वर्षं मोजली जातात ती त्या तारखेपर्यंत.

आता पगाराचा आकडा. नवऱ्याचा सल्ला मुलाखतीच्या टेबलावर चांगला आहे, इथे नाही. हे लोक आकडा मागतात तो अर्ज चाळण्यासाठी. एक्सेलमध्ये कॉलम असतो, रिकामा राहिला की अर्ज बाजूला. मैत्रिणीचा 14 लाखांचा आकडा त्याच चाळणीत बजेटच्या वर म्हणून अडकेल. घासाघीस करायला आधी तिथवर पोचायला हवं. शिवाय 9.60 वरून 14 म्हणजे जवळपास 46 टक्के वाढ. सध्याचा पगार तुम्ही खराच लिहिणार आहात, कारण पुढे सॅलरी स्लिप मागतातच.

पण 12 लाख असं नुसतं लिहिणंही धोक्याचं आहे. सीटीसी नावाच्या डब्यात काय काय कोंबतात ते पाहा. कंपनीने 12 लाखच दिले, पण व्हेरिएबल 10 ऐवजी 20 टक्के ठेवलं, तर हातात येणारी रक्कम 75 हजारांवरून 65 हजार 400 वर येते. आत्तापेक्षा जेमतेम दोन हजार जास्त! बाकीचं वर्षाअखेरी, कंपनीचं टार्गेट झालं तर. सीटीसीत धरलेली ग्रॅच्युइटीही अशीच. नव्या ठिकाणी तुमची पाच वर्षं पुन्हा शून्यापासून मोजली जातील, तोवर ती रक्कम फक्त कागदावर. म्हणून अपेक्षा निश्चित पगारात लिहा. 12 लाखांत 10 टक्के व्हेरिएबल वगळलं की 10 लाख 80 हजार उरतात, तीच तुमची खालची रेघ. रेंज द्यायची तर खालचा आकडा असा हवा, की तोच मिळाला तरी तुम्ही हसत सही कराल. समोरचा माणूस रेंजमधला खालचाच आकडा वाचतो.

पत्र इंग्रजीत जाईल, पण मजकूर साधारण असा ठेवा:

"सध्याचा सीटीसी 9.60 लाख, त्यात 60 हजार व्हेरिएबल. अपेक्षित निश्चित पगार, पीएफ व ग्रॅच्युइटी धरून आणि व्हेरिएबल वगळून, 10.80 ते 11.50 लाख. करारानुसार नोटीस 90 दिवस. लेखी ऑफर मिळाल्यापासून 60 दिवसांत किंवा 17 ऑगस्टला, यांपैकी जे नंतर असेल तेव्हा रुजू होण्याचा प्रयत्न राहील. सध्याच्या कंपनीची संमती आवश्यक."

व्हेरिएबलचे 60 हजार मी अंदाजाने घातले आहेत, तुमच्या पत्रावरचा आकडा घाला. 'नोटीस बायआउट शक्य' असे शब्द मुद्दाम टाळले आहेत. ते वाचणारा पैसे तुम्हीच भरणार असं समजून चालतो. 17 ऑगस्टचं कारण पत्रात द्यायची गरज नाही. मुलाखतीत विचारलं तर ग्रॅच्युइटीचं सरळ सांगा, अकाउंटंटला तेवढं शोभतं.

आणि निवड झाल्यावर त्यांना 30 दिवसांतच माणूस हवा असेल, तर हीच बेरीज त्यांच्यासमोर ठेवा आणि सव्वादोन लाख जॉइनिंग बोनस म्हणून मागा. ते कबूल झाले तर ऑफर लेटरमध्ये दोन गोष्टी वाचा. पहिली, पैसे कधी देणार: पहिल्या पगारात की प्रोबेशन संपल्यावर. तुमची वसुली तर जुन्या कंपनीच्या शेवटच्या पगारातूनच होणार आहे. दुसरी, एका वर्षाच्या आत सोडलं तर परत किती करायचे: कर कापून हातात आलेले, की ग्रॉस. जॉइनिंग बोनस पगारातच मोजला जातो. 12 लाखांच्या नोकरीत यंदा तो धरूनही तुम्ही पावणेतेरा लाखांच्या आत राहता की नाही, हे ऑफर आली की मला आकडे पाठवा, बघून सांगतो.