वहीतली किंमत आणि बाजारातली किंमत

प्रश्न : वडिलांच्या माघारी दोघा भावांकडे कापडाचं दुकान येतं आणि त्याच्या किमतीवरून ते भांडतात, अशी छोटी कथा लिहितोय. थोरला 'बुक व्हॅल्यू' धरून बसतो, धाकटा 'मार्केट व्हॅल्यू'. दोघांच्या तोंडी मराठी शब्द कोणते द्यावेत? 'पुस्तकी किंमत' कानाला विचित्र वाटतं.

वाणिज्य शाखेच्या मराठी पाठ्यपुस्तकांत 'पुस्तकी मूल्य' आणि 'बाजारमूल्य' अशी जोडी असते आणि निवेदनात ती खुशाल वापरा. संवादात मात्र 'पुस्तकी किंमत' नको. 'पुस्तकी' म्हटलं की मराठी कानाला 'पुस्तकी ज्ञान', 'पुस्तकी पंडित' हेच ऐकू येतं, म्हणजे व्यवहारात न उतरलेलं काहीतरी. थोरल्याने तो शब्द उच्चारला की वाचक त्याला तिथेच चुकीचा ठरवून मोकळा होईल. इथलं 'बुक' म्हणजे हिशेबाची वही. दुकानदाराच्या घरात 'वहीला गाळा किती आहे', 'वहीतली किंमत' असंच स्वाभाविक वाटेल. धाकटा नोकरदार असेल तर तो सरळ 'बुक व्हॅल्यू' म्हणेल आणि त्यात काही गैर नाही.

शब्द निवडण्याआधी ही वहीतली किंमत येते कुठून ते कथेत एकदा दिसायला हवं, नाहीतर थोरला नुसता लबाड वाटेल. समजा, वडिलांनी 2004 साली गाळा 5 लाखांना घेतला. हिशेबनीस दरवर्षी त्यावर 10 टक्के घसारा काढतो. आयकरात दुकान-कार्यालयाच्या इमारतीला हाच दर आहे आणि तो मूळ किमतीवर नाही, तर उरलेल्या रकमेवर बसतो. पहिल्या वर्षी 50 हजार गेले, वहीत साडेचार लाख राहिले. दुसऱ्या वर्षी 45 हजार गेले, 4 लाख 5 हजार राहिले. पाठ्यपुस्तकात हिला घटत्या शिलकेची पद्धत म्हणतात. अशी 20 वर्षं गेली की ताळेबंदात गाळ्यासमोर साधारण 60 हजार 800 रुपये दिसतात. हा आकडा कुणी दडवलेला नाही की खोटाही नाही. घातलेल्या पैशांपैकी खर्ची टाकायचं किती उरलंय, एवढंच तो सांगतो. गाळा आज विकला तर काय येईल, हे त्याला कधी विचारलेलंच नसतं. थोरला वर्षानुवर्षं ताळेबंदावर सही करत आला आहे, त्याला तो आकडा मनापासून खरा वाटत असेल. मग संवाद असा होईल :

"अरे, वहीला गाळा साठ हजारांचा आहे. मी माझ्या पदरचं काय सांगतोय का?"
"दादा, साठ हजारांत त्या चौकात टपरी तरी मिळेल का रे?"

आता धाकट्याचा शब्द. त्याच्या तोंडी 'बाजारभाव' घालण्याचा मोह होईल, पण 'भाव' हा नगाचा, किलोचा, चौरस फुटाचा असतो; आख्ख्या वस्तूची 'किंमत' असते. "चौकात फुटाला पंधरा हजारांचा भाव चाललाय, म्हणजे आपल्या दोनशे फुटांच्या गाळ्याची किंमत तीस लाख झाली," हे मराठी वाक्य. 'दुकानाचा बाजारभाव तीस लाख' हे तसं नाही. आणखी एक खाचखळगा आहे. महाराष्ट्रात सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा, काढली तर तिच्यात 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन वेगळे रकाने असतात. तिथला बाजारभाव म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या दरतक्त्यावरून, म्हणजे लोक ज्याला रेडी रेकनर म्हणतात त्यावरून, काढलेली आख्खी रक्कम. गिऱ्हाईक प्रत्यक्षात देईल ती किंमत याहून कमी किंवा जास्त असू शकते. धाकटा शेजारच्या गाळ्याची सूची आणून दादासमोर टाकणार असेल, तर कोणत्या रकान्यातला आकडा तो दाखवतोय याचा विचार करा. त्याच्या तोंडी 'बाजारातली किंमत' किंवा 'आज विकलं तर येणारी किंमत' जास्त नेमकं बसेल.

तुमच्या कथेचा खरा जीव मला मालात दिसतो. गाळ्याच्या बाबतीत वहीतला आकडा लहान आणि बाजारातला मोठा असतो. मालाच्या बाबतीत बरेचदा उलट. हिशेबाचा नियम असा की शिल्लक माल खरेदीची किंमत आणि विकून सुटेल ती रक्कम, यांपैकी जी कमी असेल तिने मांडायचा. पण लहान दुकानांत वर्षअखेरीला खरेदीच्याच भावाने यादी केली जाते आणि ती तशीच पुढे ओढली जाते. सफारीच्या कापडाचे ताके वरच्या फळीवर वर्षानुवर्षं पडून आहेत, घडीवर कापडाचा रंग उडाला आहे, पण यादीत ते घेतल्या भावानेच उभे आहेत. समजा, वहीत माल 9 लाखांचा आहे आणि विकायला काढला तर 6 लाख सुटतील.

दुकान थोरला चालवणार आणि धाकट्याला पैसे देऊन मोकळं करणार, अशी वाटणी ठरली असेल तर काय होतं पाहा. इतका वेळ वही पुढे करणारा थोरला मालाची पाळी आली की म्हणेल, "त्या ताक्यांना आज कोण हात लावतो?" आणि इतका वेळ बाजार सांगणारा धाकटा म्हणेल, "का? वहीला नऊ लाख आहेत ना!" थोरल्याच्या हिशेबाने गाळा आणि माल मिळून 6 लाख 60 हजार 800, धाकट्याचा वाटा 3 लाख 30 हजार 400. धाकट्याच्या हिशेबाने 39 लाख, वाटा साडेएकोणीस लाख. दोन्हीकडे बाजारच धरला तर 36 लाख आणि वाटा 18 लाख. वाटणीला मला हाच हिशेब योग्य वाटतो, कारण थोरल्याच्या हातात उद्या विकता येण्याजोगी वस्तू राहणार आहे आणि धाकट्याच्या हातात फक्त रोकड. म्हणून एकाला कायमचा 'वहीवाला' आणि दुसऱ्याला कायमचा 'बाजारवाला' करू नका. अर्ध्या वाटेत दोघांना शब्दांची अदलाबदल करू द्या आणि ती त्यांच्या लक्षात न येता होऊ द्या.

दुकानाचं नाव, बसलेलं गिऱ्हाईक यांची किंमत वहीत नसतेच. स्वतः कमावलेलं नाव हिशेबात मांडता येत नाही, विकत घेतलेलंच येतं. पाठ्यपुस्तकात त्याला 'ख्याती' म्हणतात, बाजारात 'गुडविल'. संवादात "बाबांच्या नावाचे किती धरायचे?" एवढं पुरे.

शब्दापलीकडची एक सूचना. वडील हिंदू असतील, त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि दुकान त्यांच्या स्वतःच्या नावावर असेल, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई आणि बहिणीही मुलांच्या बरोबरीने वारस असतात. दोघेच भाऊ वाटणीला बसलेले दाखवायचे तर मृत्युपत्र किंवा बाकीच्यांनी करून दिलेलं हक्कसोडपत्र यांचा एका ओळीत उल्लेख हवा. बहीण आहे आणि तिला कुणी विचारलंच नाही, अशी कथा असेल तर तो वेगळा आणि मोठा विषय होईल.

आणि लिहिताना : 'किंमत'वर अनुस्वार आहे, पण विभक्ती लागली की तो जातो. तुम्ही प्रश्नात 'किमतीवरून' लिहिलंय ते बरोबर आहे, छापताना कुणी 'किंमतीवरून' करणार नाही एवढं पाहा. 'बाजारमूल्य' एक शब्द, 'पुस्तकी मूल्य' दोन.