‘स्वखुशीने गेला’ म्हणून अपव्यापाराचा गुन्हा मिटत नाही

प्रश्न: सर, आम्ही निपाणीजवळच्या खेड्यातले. कागलच्या एजंटाने धाकट्या भावाला बँकॉकमध्ये डेटा एंट्रीची नोकरी सांगून दीड लाख घेतले. तिथून रात्री नदीपार म्यानमारला नेलं आणि चार महिने लोकांना फसवणारे मेसेज पाठवायला लावले. आता तो परत आलाय. ठाण्यात म्हणतात, तो स्वखुशीने गेला, फार तर फसवणुकीची तक्रार होईल, तीही कागलला. आणि बेकायदा सीमा ओलांडल्याने तोच अडकेल. काय करायचं?

उत्तर: ताई, आपल्याकडे दोन वेगळ्या गुन्ह्यांना ‘मानवी तस्करी’ हा एकच शब्द वापरतात. ठाण्यातला गोंधळ तिथूनच सुरू होतो. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारासोबत २००० साली दोन स्वतंत्र प्रोटोकॉल झाले. एक माणसांच्या अपव्यापाराचा, दुसरा स्थलांतरितांच्या चोरट्या वाहतुकीचा. भारताने दोन्ही २०११ मध्ये स्वीकारले.

चोरटी वाहतूक म्हणजे पैसे घेऊन परक्या देशात बेकायदा पोचवणं. माणूस पलीकडे पोचला की व्यवहार संपतो, आणि गुन्हा त्या देशाविरुद्ध असतो. अपव्यापारात सीमा ओलांडली की नाही हा प्रश्नच नाही; निपाणीतल्या निपाणीतही तो होऊ शकतो. तिथे तीन गोष्टी पाहतात: माणसाला मिळवलं किंवा नेलं का, त्यासाठी धाक, फसवणूक किंवा आमिष वापरलं का, आणि हेतू त्याला राबवून घेण्याचा होता का.

तुमच्या भावाच्या बाबतीत दोन्ही घडलंय. थायलंडपर्यंत तो रीतसर गेला. नदी रात्री ओलांडली, ती चोरटी वाहतूक. पण व्यवहार पलीकडच्या काठावर संपला नाही, कारण त्याला खुर्चीवर बसवून राबवायचंच होतं. म्हणून मूळ गुन्हा अपव्यापाराचा. त्याने ‘हो’ म्हटलं ते डेटा एंट्रीला. फसवून मिळवलेली संमती प्रोटोकॉल मोजत नाही, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ तर स्पष्ट सांगतं की अपव्यापार ठरवताना संमती गैरलागू आहे. शिक्षा किमान सात वर्षं. (त्याला १ जुलै २०२४ पूर्वी नेलं असेल तर जुन्या दंडसंहितेचं ३७० लागेल.)

एक अडचण मात्र खरी आहे. प्रोटोकॉलमध्ये ‘सक्तीचे श्रम’ हे शब्द आहेत, १४३ च्या स्पष्टीकरणात ते तसे नाहीत. तिथे गुलामगिरी, तिच्यासारख्या प्रथा आणि दास्य असं म्हटलंय. त्यामुळे ‘काम करून घेतलं’ एवढंच फिर्यादीत लिहिलं तर बचावाचा वकील त्यावरच बोट ठेवेल. भावाला शांतपणे बसवून विचारा: पासपोर्ट कुणी काढून घेतला? फाटकावर पहारा होता का? टार्गेट चुकलं की काय करायचे? ‘जायचं तर एवढे डॉलर भर’ असं म्हणाले का? पैसे फिटेपर्यंत सोडत नव्हते, तर ते कर्जापायी डांबून ठेवणं झालं. हीच वाक्यं फिर्यादीत हवीत.

त्याच्या भीतीबद्दल. चोरट्या वाहतुकीचा प्रोटोकॉल सांगतो की ज्याला असं नेलं, त्याच्यावर केवळ नेला गेल्याबद्दल त्या गुन्ह्याचा खटला भरू नये. पण तिथून पाठवलेल्या मेसेजना ही ढाल पुरत नाही. धाकाखाली केलेल्या कृत्याला आपला कायदा सूट देतो ती तत्काळ मृत्यूच्या भीतीपुरती, म्हणजे फार अरुंद. म्हणून वकील सोबत असल्याशिवाय त्याने जबाब देऊ नये. आणि द्यायचा तेव्हा काही लपवू नये. नंतर उघड झालेली एक गोष्ट पीडिताला आरोपी करू शकते. वकिलाच्या फीची काळजी नको: अपव्यापारातल्या पीडिताला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा.

‘कागलला जा’ हे ऐकून घेऊ नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, निपाणी ठाण्याला खबर नोंदवावी लागते. पुढे ती कागलला वर्ग होईल. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि प्रत मागा, ती फुकट असते. नकार मिळाला तर तीच फिर्याद पोस्टाने बेळगावच्या पोलीस अधीक्षकांना, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. एजंटाकडे परदेशी भरतीचं नोंदणी प्रमाणपत्र नसेल तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याचा गुन्हाही त्यात घालायला सांगा.

आज घरी गेल्यावर भावाचा पासपोर्ट उघडा. थायलंडच्या प्रवेशाचा शिक्का असेल, म्यानमारचा बहुधा नसेल. न उमटलेला तो शिक्काच रात्रीच्या नदीची साक्ष देतो. प्रत्येक पानाचा फोटो काढा. एजंटाला पाठवलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट आणि त्याचे व्हॉइस मेसेज दुसऱ्या फोनवर घ्या, पण मूळ फोन तसाच राहू द्या. तो फॉरमॅट करू नका, विकूही नका.