रशियन पाहुण्यांना विसर्जन समजावताना

प्रश्न : बेळगावात गणेशोत्सवाच्या काळात गोव्याहून रशियन बोलणारे पर्यटक येतात. मूर्ती, प्राणप्रतिष्ठा, प्रसाद, विसर्जन हे सगळं त्यांना रशियनमध्ये सांगताना धार्मिक अर्थ बिघडू नये म्हणून काय करावं?

उत्तर : चोर्ला घाटातून येणाऱ्या अशा पाहुण्यांबरोबर मी दुभाषा म्हणून काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. माझे पहिले सांगणे असे की पाहुण्यांना थेट कपिलेश्वर तलावावर नेऊ नका. आधी एखाद्या परिचिताच्या घरी उत्तरपूजेला बसवा आणि मग मिरवणुकीत न्या. ज्याने केवळ तलाव पाहिला, त्याने अकरा दिवस पूजलेला देव लोकांनी आनंदाने पाण्यात बुडवला, एवढेच पाहिलेले असते. त्यानंतर कितीही अचूक शब्द वापरले तरी ती समजूत निघत नाही. क्रम डोळ्यांसमोर घडला, तर निम्मे स्पष्टीकरण आपोआप होते.

घरच्या पार्थिव गणपतीच्या पूजेत तीन गोष्टींकडे त्यांचे लक्ष वेधावे. पहिली प्राणप्रतिष्ठा. यजमान मूर्तीच्या हृदयाशी हात ठेवून मंत्र म्हणतात, दूर्वेने नेत्रांना तूप लावतात, आणि तिथून पुढे ती मूर्ती केवळ माती राहत नाही. दुसरी, आसन, पाद्य, अर्घ्य, स्नान, वस्त्र, गंध, नैवेद्य हे उपचार; घरी आलेल्या थोर अतिथीचे जसे करावे तसेच हे सारे आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची उत्तरपूजा. आरती झाल्यावर मूर्तीवर अक्षता वाहून ‘यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम्’ हा श्लोक म्हणतात, ‘पुनरागमनाय च’ अशी विनंती करतात आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. देवाला निरोप दिला जातो तो या क्षणी, घरातच. पुष्कळ घरांत मूर्तीच्या हातावर दही ठेवतात आणि शिदोरी बरोबर देतात. त्यानंतर तलावात जाते ती माती. विसर्जनाहून परतताना पाटावर थोडी वाळू किंवा माती घरी आणण्याची चाल अनेक घरांत आहे. तीही दाखवावी, म्हणजे मागे काय राहते हेही त्यांना कळते.

हे पाहिलेल्या माणसाला विसर्जनासाठी कोणता शब्द द्यायचा, हा पुढचा भाग. रशियनमध्ये बुडवण्याचे जे क्रियापद सहज सुचते, ‘उतापीत’, त्यात जीव घेण्याची छटा आहे. मांजराची पिल्ले पाण्यात टाकली तरी तेच क्रियापद वापरतात. त्याऐवजी ‘पग्रुझेनिये’, म्हणजे पाण्यात सावकाश उतरवणे, हा शब्द योग्य. आणि त्याच्याबरोबर ‘प्रोवदी’, म्हणजे निरोप देऊन पाठवणी करणे, हा शब्द अवश्य जोडावा, कारण पहिल्या शब्दात कृती येते, पण भाव दुसऱ्याशिवाय येत नाही. माझ्या अनुभवात मात्र सर्वांत जास्त काम ‘पुढच्या वर्षी लवकर या’ या घोषणेचा सरळ अनुवाद करतो. ज्याला बुडवले त्याला कोणी पुढच्या वर्षी बोलावत नाही, हे ऐकणाऱ्याला लगेच उमगते.

इथे एक सावधगिरी हवी. ‘प्रोवदी’ म्हटले की रशियन माणसाला मास्लेनित्सा आठवते. ईस्टरच्या मोठ्या उपवासापूर्वीच्या त्या आठवड्याच्या शेवटी गवताची बाहुली जाळून हिवाळ्याला निरोप देतात. तुलना तुम्ही स्वतः करू नका. पाहुण्याने केली तर तिथल्या तिथे मर्यादा सांगा. त्या बाहुलीत कोणी देवाला आवाहन करत नाही, तिला नैवेद्य दाखवत नाही आणि ती परत यावी अशी विनंतीही करत नाही. साम्य वर्षाच्या फेऱ्यात आहे, अर्थामध्ये नाही.

मूर्ती या शब्दावर जितके थांबाल तितके थोडेच. तयार सापडणारे ‘ईदल’ आणि ‘इस्तुकान’ हे दोन्ही शब्द टाळावेत. बायबलच्या भाषेत ते खोट्या देवाच्या पुतळ्यासाठी आहेत, आणि त्यांतला दुसरा तर सरळ तुच्छतेचा आहे. मग अनेक दुभाषे सौजन्याने ‘इकोना’, म्हणजे चर्चमधले पवित्र चित्र, असे म्हणतात, कारण ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकही चित्रापुढे दिवा लावतात आणि त्याचे चुंबन घेतात. हेतू चांगला असला तरी अर्थ तिथेही बदलतो. सन 787 मधल्या नायसियाच्या दुसऱ्या धर्मसभेने ठरवलेली भूमिका अशी आहे की चित्राला दिलेला मान चित्रातल्या मूळ व्यक्तीला पोचतो. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेनंतर मूर्तीतच देवतेचे सान्निध्य मानले जाते, ठरलेल्या मुदतीनंतर निरोपही दिला जातो. इकोनाला कोणी येण्याचे आमंत्रण देत नाही आणि जाण्याचा निरोपही देत नाही. म्हणून मी ‘मूर्ती’ हाच शब्द ठेवतो आणि पहिल्या वेळी ‘इझ्वायानिये’, म्हणजे घडवलेली आकृती, एवढा तटस्थ खुलासा जोडतो. प्राणप्रतिष्ठेसाठीही ‘अस्व्याश्चेनिये’ अपुरा पडतो, कारण त्यांच्याकडे पाद्री नवे घर आणि मोटारदेखील त्याच शब्दाने पवित्र करतात. ‘देवतेला मूर्तीत येण्याचे आमंत्रण’ असे साध्या वाक्यात सांगितलेले बरे.

नैवेद्य आणि प्रसादाच्या बाबतीत प्रश्न केवळ भाषेचा राहत नाही. नैवेद्याला ‘झेर्तवा’ म्हटले तर ऐकणाऱ्याच्या मनात बळी येतो, कारण रशियनमध्ये बळी पडलेल्या माणसालाही तोच शब्द आहे. ‘पदनशेनिये’, म्हणजे आदराने पुढे ठेवलेली वस्तू, हा शब्द ठीक बसतो. प्रसादाला ‘प्रिचास्तिये’ म्हणणे मात्र कटाक्षाने टाळा. तो चर्चमधल्या पवित्र भोजनाचा संस्कार आहे आणि तो बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळतो, तर प्रसाद दारात आलेल्या कोणालाही देतात.

इथेच एक मोह होतो. मूर्तीला ‘ईदल’ आणि नैवेद्याला ‘झेर्तवा’ म्हटले की त्या दोन शब्दांच्या जोडणीतून नव्या करारातली एक संज्ञा तयार होते, ती म्हणजे मूर्तीपुढे अर्पिलेले अन्न, जे ख्रिस्ती माणसाने खाऊ नये असे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे. श्रद्धाळू पाहुणा ते ऐकून हात मागे घेतो. मग वाटते की त्याला ‘ही सणाची मिठाई आहे’ एवढेच सांगावे, म्हणजे यजमानही दुखावत नाहीत आणि पाहुणाही खातो. माझ्या मते ही लपवाछपवी आहे आणि ती दोन्ही धर्मांशी अन्याय करते: पाहुण्याचा निर्णय आपण त्याच्या नकळत घेतो, आणि यजमानांनी देवापुढे ठेवून दिलेल्या मोदकाची निव्वळ मिठाई करून टाकतो. मी स्पष्ट सांगतो की हे आधी गणपतीला अर्पण केलेले आहे आणि आता सर्वांना वाटले जात आहे. ज्याला नको असेल त्याने हात जोडावेत. यजमानीणबाईंना मी आधीच कानावर घातलेले असते की काहींच्या धर्मात हे चालत नाही, आणि त्याचे वाईट वाटून घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. शिवाय 14 ते 27 ऑगस्ट हा ऑर्थोडॉक्स लोकांचा उपवासाचा काळ असतो. चतुर्थी लवकर आली आणि हे दिवस जुळले, तर नकाराचे कारण फक्त मोदकावरचे तूपही असू शकते. आणि हेही लक्षात असू द्या की रशियन बोलणारा प्रत्येक जण ऑर्थोडॉक्स नसतो. त्यांत कझाकस्तानचे मुसलमान असतात आणि कोणताच धर्म न मानणारेही पुष्कळ असतात.

कपिलेश्वराच्या देवळात एक वेगळा घोटाळा होतो. सकाळी घरगुती गणपतीची उत्तरपूजा पाहिलेला पाहुणा विचारतो की या शिवलिंगाचे विसर्जन कधी करतात. उत्सवाची मूर्ती मुदतीपुरती आणि मंदिरातील लिंग कायमचे, हा फरक तुम्ही आधीच सांगितला नसेल, तर प्रश्न रास्तच आहे. प्रदक्षिणाही समजावून सांगावी लागते. सध्याच्या रशियन चर्चची मिरवणूक चर्चला डाव्या हाताला ठेवून फिरते, त्यामुळे काही जणांचे पाय सवयीने उलटे वळतात. सतराव्या शतकातील रशियन चर्चप्रमुख निकॉनच्या सुधारणांपूर्वी तीही सूर्याच्या दिशेने फिरत असे, आणि त्या सुधारणा न मानणारे लोक आजही तशीच फिरतात. त्या दिशेला त्यांच्याकडे ‘पोसलन’ हा जुना शब्द आहे, तो वापरला की दिशा एका शब्दात कळते. शिवाच्या देवळात मात्र अभिषेकाचे पाणी जिथून बाहेर पडते ती वाट ओलांडायची नाही आणि तिथूनच मागे फिरायचे, हे वेगळे सांगावे.

तलावावर मोठ्या मंडळांच्या मूर्ती क्रेनने उतरवतात, मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, आणि त्या गर्दीत कोणी विचारतो की प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, मग हे कसे? खरे उत्तर द्यावे. पूजाविधीत ‘पार्थिव’ म्हणजे मातीची मूर्ती अपेक्षित आहे, प्लास्टर ही अलीकडची सोय आहे आणि तिच्यामुळे पाणी खराब होते. धर्माचा बचाव करण्यासाठी हे झाकायचे कारण नाही. उलट झाकले, तर पाहुणा प्लास्टरच्या अवशेषांनाच विधीचा अर्थ समजतो.

दुसऱ्या दिवशी हेच पाहुणे किल्ल्यातल्या कमल बस्तीत येतात. ती जैन बस्ती, म्हणजे जैनांचे मंदिर, रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याच्या काळात, 1204 साली बांधली गेली आणि तिथे नेमिनाथ तीर्थंकर आहेत. कालची सारी शब्दावली तिथे बाजूला ठेवा. तीर्थंकर मुक्त झालेले असतात, त्यांना आवाहन करून बोलावणे आणि निरोप देऊन पाठवणे अशी घरच्या गणपतीची कल्पना तिथे लावता येत नाही. आणि वेदीपुढे वाहिलेले तांदूळ किंवा फळे भक्त परत घेऊन खात नाहीत. काल प्रसाद हा शब्द शिकलेला पाहुणा इथे हात पुढे करतो, म्हणून आत शिरण्यापूर्वीच, बाहेर चपला काढत असताना, हे एवढे सांगून घ्यावे.