चांदव्याच्या पंखावरची निळाई

प्रश्न: अंबाझरीच्या बागेत काळ्या फुलपाखराच्या पंखावर निळा-जांभळा रंग दिसला, पण ते जरा वळताच तो नाहीसा झाला. तिरका किरण थरांतून जास्त अंतर कापतो, मग रंग लालकडे सरकायला हवा ना?

उत्तर: आपण पाहिलेला बहुधा चांदव्याचा नर असावा. पावसाळ्यानंतर सेमिनरी हिल्सच्या पायवाटेवर तो पंख पसरून बसलेला मी अनेकदा पाहिला आहे. त्याच्या पंखावरचे पांढरे ठिपके कुठूनही पांढरेच दिसतात; त्यांच्या कडेची निळाई मात्र ठरावीक कोनातूनच उजळते, कारण तिथे निळे रंगद्रव्य नसते. खवल्यांवरच्या बारीक कंगोऱ्यांत कायटिनचे पातळ पापुद्रे एकावर एक असतात आणि त्यांच्यामध्ये हवा असते. प्रत्येक पापुद्र्यावरून थोडा प्रकाश परततो. लागोपाठच्या दोन पापुद्र्यांवरून परतलेल्या किरणांच्या मार्गांतला फरक ज्या तरंगलांबीइतका भरतो, तो रंग उठून दिसतो.

हिशेबासाठी पापुद्रा 65 नॅनोमीटर जाड, हवेची फट 130 नॅनोमीटर आणि कायटिनचा अपवर्तनांक 1.56 धरू. प्रकाश सरळ पडला, तर फरक 2 × (1.56 × 65 + 130), म्हणजे सुमारे 463 नॅनोमीटर येतो, आणि हा निळा रंग आहे.

आता आपल्या शंकेकडे येतो. तिरका किरण आत जास्त अंतर कापतो, हे आपले म्हणणे बरोबरच आहे. फक्त फटीचा विचार केला, तर 45 अंशांवर जाऊन-येऊन 260 ऐवजी 368 नॅनोमीटर होतात. परंतु हा किरण बाहेर पडतो तो 260 नॅनोमीटर बाजूला सरकून, आणि तोवर वरून परतलेला किरणही थांबलेला नसतो; दोघांची तुलना एकाच रेषेत करायची, तर त्याने बाहेर कापलेले 184 नॅनोमीटर वजा करावे लागतात. उरतात 184. ही वजाबाकी राहून जाते म्हणूनच उत्तर उलटे वाटते. कायटिनमधला किरण आतल्या बाजूला वाकत असल्याने तिथली घट कमी असते, तरीही एकूण फरक 365 नॅनोमीटरवर येतो. हा अतिनील प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे खालच्या मेलॅनिनचा काळा रंग तेवढा उरतो. वाटेत 30 अंशांवर 417 नॅनोमीटरचा जांभळा रंग येऊन जातो.

पडताळा घ्यायचा असेल, तर मरून पडलेल्या चांदव्याच्या निळ्या भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सोडावा. फटीतल्या हवेची जागा 1.38 अपवर्तनांकाचा द्रव घेतो आणि वरच्या हिशेबाने रंग 560 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्याकडे सरकायला हवा. द्रव उडून गेला की निळाई परत येते. रंगद्रव्याचा रंग असा जाऊन परत येत नाही.

हा हिशेब सपाट, एकसारख्या थरांचा आहे. दक्षिण अमेरिकेतल्या मॉर्फो फुलपाखरात कंगोरे अरुंद आणि कमी-जास्त उंचीचे असल्यामुळे प्रकाश अनेक दिशांना पसरतो, म्हणून त्याचा निळा रंग बऱ्याच मोठ्या कोनापर्यंत निळाच राहतो.