U म्हणजे अनलॉक्ड नव्हे हो!

प्रश्न: सेकंडहँड एस२३ अल्ट्रा घेतला, अबाउट फोनमध्ये SM-S918U दिसतंय. नेट झकास चालतं पण कॉल लावला की वरचं 4G जाऊन H येतं आणि नेट बंद. VoLTE चं बटणच नाहीये. मित्राचा SM-S918B आहे, त्यात आहे. U म्हणजे अनलॉक्ड ना? मग घोळ सिमचा आहे का फोनचा?

उत्तर:

हसू आलं वाचून, राग मानू नका, तुमच्यावर नाही, माझ्या स्वतःवर. मी पण U म्हणजे अनलॉक्ड असंच धरून बसलो होतो आणि त्या एका अक्षरापायी अडीच महिने घालवले. माझा एस२१ होता, SM-G991U. लक्षणं अगदी हीच.

तर आधी ते अक्षर. सॅमसंगमध्ये U म्हणजे अमेरिकेतल्या नेटवर्क कंपन्यांसाठी काढलेला फोन, म्हणजे तिथे जो हप्त्यावर वगैरे मिळतो तो. अमेरिकेतच विकलेला पण कुठल्याच कंपनीला न बांधलेला जो असतो तो U1. म्हणजे 'अनलॉक्ड' म्हणायचंच झालं तर ते U1 ला म्हणा. B हा जगात बऱ्याच ठिकाणी जाणारा, W कॅनडाचा, N कोरियाचा, आणि शेवटी अक्षराऐवजी शून्य असेल (SM-S9180) तर चीन-हाँगकाँगकडचा. B च्या पुढे कधी कधी /DS दिसतं ते फक्त ड्युअल सिमचं, त्याचा देशाशी संबंध नाही.

आणि लॉक हा पूर्ण वेगळा विषय आहे बरं का. तुमचं सिम घातल्यावर नेट चालतंय म्हणजे तुमचा फोन लॉक नाहीये, विषय संपला. माझाही नव्हता. लॉक निघतं, पण अक्षर निघत नाही, कारण फोन कुठल्या बाजारासाठी बनवला आणि त्यात कुठलं फर्मवेअर, म्हणजे फोनचं मूळ सॉफ्टवेअर, जाणार हे त्या अक्षराने ठरतं. हे दोन्ही एकच समजलो तिथेच माझं सगळं फसलं.

आता VoLTE का नाही ते. 4G वरून कॉल जायला नुसता टॉवर आणि सिम पुरत नाही, फोनच्या फर्मवेअरमध्ये त्या त्या कंपनीची सेटिंग आधीपासून भरलेली लागते. त्याला IMS प्रोफाइल म्हणतात. U च्या फर्मवेअरमध्ये मुख्यतः अमेरिकन कंपन्यांचे प्रोफाइल असतात. तुमची कंपनी त्यात नसेल तर फोन बटणच दाखवत नाही, आणि कॉल आला की खालच्या नेटवर्कवर उतरतो, म्हणून ते H. डेटाला हे काही लागत नाही म्हणून नेट मात्र पळतं. त्यामुळेच माणूस फसतो, 'नेट चालतंय म्हणजे फोन ठीक, सिमचंच काहीतरी असणार' असं वाटतं.

मलाही तेच वाटलं आणि मी गेलो आमच्या मोबाइल कंपनीच्या ऑफिसात. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. पहिल्या वेळी म्हणाले नेटवर्क सेटिंग रिसेट करा. दुसऱ्या वेळी सिम बदलून दिलं. तिसऱ्या वेळी म्हणे तुमच्या भागात टॉवरचं काम चालू आहे, आठवडाभर थांबा. आठवडाभर थांबलो. चौथ्या वेळी तिथल्या पोराने माझं सिम काढून स्वतःच्या फोनमध्ये घातलं, आणि लगेच वर VoLTE चं चिन्ह आलं. मी डोळ्यांनी बघितलं. तो पण बघत होता. आणि त्याने काय लिहावं कॉम्प्युटरवर? 'सिम सदोष, बदलून दिले.' अहो, चाललं की आत्ता तुझ्या फोनमध्ये!! पण खरं सांगू का, तो सोडा, मीसुद्धा मुकाट्याने तिसरं सिम घेऊन घरी आलो. सिम दुसऱ्या फोनमध्ये चालतंय म्हणजे घोळ फोनचा, एवढं साधं डोक्यात आलं नाही. माझी सगळ्यात महाग चूक हीच, फोन U घेतला ती नव्हे. कारण तेव्हा विक्रेत्याकडे परत करायची मुदत बाकी होती आणि ती मी काउंटरवर टोकन घेऊन बसण्यात घालवली. म्हणून आजच करा, मित्राच्या B मध्ये तुमचं सिम घाला, त्याचं तुमच्या फोनमध्ये. दोन मिनिटांचं काम. तुमचं सिम तिकडे VoLTE देत असेल तर ऑफिसकडे फिरकू नका, परतीची मुदत आहे का ते बघा.

दुसरं एक तपासा, सेटिंग्ज > अबाउट फोन > सॉफ्टवेअर इन्फर्मेशनमध्ये Service provider software version म्हणून लांबलचक ओळ असते. त्यात तीन-तीन अक्षरांचे कोड असतात, तिरक्या रेघांनी तोडलेले. त्याला CSC म्हणतात. पहिला दिसतो तो सध्या चालू असलेला. XAA असेल तर अमेरिकन अनलॉक्ड, TMB, ATT, VZW असेल तर तिथल्या त्या त्या कंपन्या (नावं ओळखू येतातच), BTU ब्रिटन, DBT जर्मनी, INS भारत. अक्षर सांगतं फोन कुठला, CSC सांगतो आत सध्या कुठल्या बाजाराचं सॉफ्टवेअर चालतंय, दोन्ही मिळून बघायचं. नुसत्या डब्यावर विश्वास ठेवू नका, डबा दुसऱ्याच फोनचा असू शकतो. *#06# दाबून आलेला IMEI डब्यावरच्या स्टिकरशी जुळवा.

आणखी एक खूण, ही कुणाला खोटी करता येत नाही. सिमचा ट्रे काढा. S918U मध्ये एकच नॅनो सिमची जागा असते आणि बाकी eSIM. S918B मध्ये दोन सिम बसतात.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला माहितीये, 'मग B चं फर्मवेअर टाकलं तर?' टाकून बघितलंय मी. ओडिन म्हणजे कॉम्प्युटरवरून सॅमसंगमध्ये फर्मवेअर टाकायचा प्रोग्रॅम, त्यात लाल चौकटीत FAIL. माझ्या एस२१ मध्ये तर चिपच वेगळी, U मध्ये स्नॅपड्रॅगन ८८८ आणि B मध्ये एक्सिनॉस २१००, म्हणजे बसायचा प्रश्नच नव्हता. तुमच्या एस२३ अल्ट्रामध्ये दोन्हीकडे स्नॅपड्रॅगनच आहे म्हणून मोह होईल, पण फर्मवेअर त्या त्या मॉडेलसाठी साइन केलेलं असतं, चिप एक आहे म्हणून ते आत जात नाही. कुणी व्हिडिओत 'U चा B करून देतो' म्हणत असेल तर दुरूनच नमस्कार.

U वर U1 चं फर्मवेअर मात्र जातं, हार्डवेअर तेच आहे. मी केलं. अमेरिकन कंपनीची ॲप्स आणि सुरू होतानाचा तो लोगो गेला, CSC XAA झाला, अपडेट थेट यायला लागले. VoLTE? नाही आलं. U1 मध्ये तरी आपल्या कंपनीचा प्रोफाइल कुठून असणार! काहींचं आलंय असं ऐकतो, कंपनीवर अवलंबून असेल, पण त्या आशेवर करू नका. करायचंच असेल तर दोन गोष्टी. एक, फर्मवेअर नंबरात शेवटून पाचवं अक्षर म्हणजे बूटलोडरची आवृत्ती, तुमच्यापेक्षा खालच्या आकड्याचं टाकायला जाल तर फोन घेणार नाही. दोन, ओडिनमध्ये CSC च्या खान्यात CSC फाइल टाकली की फोन कोरा होतो, HOME_CSC ने डेटा राहतो, पण U वरून U1 ला जाताना कोराच करावा लागतो असं धरून चाला आणि आधी बॅकअप घ्या. वॉरंटीचं, बिघडण्याचं सगळं तुमच्या जबाबदारीवर, मी काही तंत्रज्ञ नाही, भाजलेला माणूस आहे फक्त.

माझं शेवटी काय झालं, तर मी कंपनी बदलली, म्हणजे जिचं जुनं नेटवर्क अजून चालू होतं तिचं सिम घेतलं. कॉल चालू राहिले, कॉलच्या वेळी नेट जायचं ते जायचंच. वर्षभर तसाच वापरला आणि मग विकला, विकताना जाहिरातीत मॉडेल नंबर ठळक लिहून. तुमचं H येतंय म्हणजे तुमच्याकडे निदान उतरायला खालचं नेटवर्क आहे. ज्या कंपनीचं फक्त 4G-5G आहे तिथे असल्या फोनवरून साधा कॉलच जात नाही. आणि हे वाढतच जाणार, जुनी नेटवर्कं बंद होतायत. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या शेवटी 3G बंद झालं तेव्हा ज्या फोनवरून 4G वर आणीबाणीचा कॉल जात नाही ते फोन नेटवर्कवरून ब्लॉकच करायला लावले. म्हणून VoLTE नसेल तरी चालेल, व्हॉट्सॲप कॉल आहे की, असं म्हणणाऱ्यांचं माझ्या मते ऐकू नका. ॲम्ब्युलन्स व्हॉट्सॲपवर येत नाही.

जाता जाता, हीच भानगड बाकीकडेही आहे, घरात कुणी काही घेत असेल तर. आयफोनमध्ये अबाउटमध्ये मॉडेल नंबर बघा, /A च्या आधीची अक्षरं म्हणजे विक्रीचा देश, LL अमेरिका, ZP हाँगकाँग, J जपान, HN भारत. त्याच नंबरवर बोट लावलं की A ने सुरू होणारा दुसरा नंबर येतो, हार्डवेअर कुठलं ते त्यावरून कळतं. आयफोन १४ पासून अमेरिकन मॉडेलला सिमचा ट्रेच नाही, हे माहीत नसताना घेतलेले लोक मी बघितलेत. सगळ्यात पहिलं अक्षर M असेल तर नवीन विकलेला, F असेल तर रिफर्बिश्ड, N असेल तर बदलून दिलेला. लॅपटॉपला एवढं टेन्शन नाही, तिथे मुख्यतः कीबोर्ड, चार्जरची पिन आणि वॉरंटी. लेनोवोच्या नंबरात शेवटची दोन अक्षरं देशाची (US, IN), एचपीमध्ये # च्या पुढे, #ABA अमेरिका, #ABU ब्रिटन.

अमेरिकन फोनबद्दल एक धोक्याची सूचना राहिलीच. मूळ मालकाने हप्ते थकवले तर तिथली कंपनी IMEI ब्लॅकलिस्ट करते, तुम्ही फोन घेतल्यानंतरसुद्धा. बिल मागून ठेवा.

सिमची अदलाबदल करून बघितलीत की काय झालं ते इथेच लिहा, आणि ट्रेमध्ये किती जागा आहेत, CSC चा पहिला कोड काय येतोय तेही सांगा. XAA नसून TMB किंवा VZW असेल तर निदान U1 टाकून ती अमेरिकन ॲप्स तरी घालवता येतील.