साहेबांकडे रजा मागायला जाण्याआधी

मित्रा, गिर्यारोहणाच्या कोर्ससाठी 'दोन आठवडे सुट्टी पायजे' असं तोंडी सांगू नकोस. जपून पावलं टाकणाऱ्या साहेबाला त्यात 'हा वेळेवर येणार नाही' एवढंच ऐकू येतं.

आधी दिवस मांड. समज, हिमालयात उत्तरकाशीजवळ आठ दिवसांचा कोर्स आहे. कोल्हापूरहून दिल्लीमार्गे पोचायला तीन दिवस धर, परतायला तीन, आणि दरड कोसळून रस्ता अडला तर एक राखीव. झाले पंधरा. रविवारी निघून रविवारी परतलास तर तीन रविवार त्यातच जातात, रजा फक्त बारा दिवसांची लागते. हा बाराचा आकडा अर्जात लिही. राखीव दिवस मात्र लपवू नकोस, साहेबांचा विश्वास त्याच्यावरच बसतो.

वरती रेंज नसते, हे स्वतःहून सांग. मी पहिल्यांदा 'फोनवर आहेच की' म्हणालो आणि पुरता तोंडघशी पडलो. त्यापेक्षा तुझं काम बघणाऱ्या सहकाऱ्याला निघण्याआधी आठवडाभर सोबत बसव, आणि त्याला घेऊनच केबिनमध्ये जा.

मार्चअखेर टाळ, जुलै-ऑगस्टही. तिकडे पावसात रस्ते बंद पडतात. आणि हो, होकार लेखी मिळेपर्यंत फी भरू नकोस.